दुखत नव्हतं, हलत नव्हतं, तरी इम्प्लांटभोवतीचं चार मिलीमीटर हाड गेलेलं: एका दाढेचं प्रकरण

पेशंट ५६ वर्षांच्या, शाळेत शिकवायच्या, आता रिटायर्ड. खालची डावी पहिली दाढ २०१७ साली दुसऱ्या शहरात काढली, तिथंच इम्प्लांट म्हणजे हाडात रोवायचा टायटॅनियमचा स्क्रू बसवला आणि काही महिन्यांनी वर सिमेंटने कॅप चिकटवली. २०२४ च्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या त्या या दाढेसाठी नाहीच, वरच्या एका दाढेत थंड पाण्याने कळ येत होती म्हणून. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, दाढेचे आकडे तसेच ठेवलेत.)

वरच्या दाढेचं काम साधं होतं, ते बाजूला ठेवा. पण तोंड उघडल्यावर खाली डावीकडे कॅपच्या कडेला जिभेच्या बाजूची हिरडी लालसर आणि जरा फुगीर दिसली, बोटाने हलकं दाबलं तर पुवाचा एक थेंब वर आला. विचारलं, "मॅडम, इथं काही त्रास?" तर म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर, ती तर माझी सगळ्यात भक्कम दाढ, ऊस पण तिनेच सोलते. कधीमधी ब्रशला रक्त दिसतं आणि सकाळी तोंडाला खारट चव असते, पण ती खोटी दाढ, तिला काय होणार?"

हे शेवटचं वाक्य जवळजवळ प्रत्येक इम्प्लांटवाल्याकडून ऐकायला मिळतं. अर्धं बरोबर आहे, टायटॅनियमला कीड लागत नाही आणि आत नस नाही म्हणून कळही येत नाही. पण इम्प्लांट उभं आहे ते हाडात आणि त्याच्या मानेभोवती हिरडी आहे, आणि हे दोन्ही खरे आहेत, त्यांना पायरिया होतो तसाच आजार होतो. नुसती हिरडी सुजली, हाड अजून शाबूत आहे तोवर त्याला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात, हा नीट साफसफाईने मागे फिरतो, जरी त्याला तीन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो तरी. हाड खाली जायला लागलं की तो पेरी-इम्प्लांटायटिस, आणि इथून गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

मग दोन्हीतलं नेमकं काय झालंय हे कळणार कसं? दोन गोष्टींनी, हिरडीत प्रोब घालून आणि एक्सरेने.

प्रोब म्हणजे मिलीमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई, ती हिरडी आणि कॅपच्या मधून हलक्या हाताने खाली सोडायची, साधारण २०-२५ ग्रॅमचा दाब, त्याहून जास्त नाही. काही डॉक्टर इम्प्लांटला प्रोब लावायलाच घाबरतात, जोड उसवेल म्हणून. एवढ्या दाबाने काही उसवत नाही, उलट प्रोब न लावता इम्प्लांट "बघितलं" म्हणणं म्हणजे काहीच न बघणं. सहा जागी मोजलं. गालाच्या बाजूला ४, ४ आणि ५ मिमी, जिभेच्या बाजूला पुढून मागे ५, ६ आणि ८ मिमी. मागच्या बाजूला दोन्हीकडे रक्त आलं, ८ मिमीच्या जागी पू पण आला. एखादा बारीक रक्ताचा ठिपका दिसला तर मी लगेच घाबरवत नाही, प्रोबच टोचलेला असू शकतो, पण इथं रक्ताची अख्खी रेघ भरून आली.

पण नुसत्या ८ मिमीवरून निकाल देता येत नाही. कारण काही इम्प्लांटभोवती हिरडी मुळातच जाड असते, खोल बसवलेलं असतं, तिथं पहिल्या दिवसापासून ५ मिमी असू शकतं आणि ते निरोगी असतं. म्हणून खरा प्रश्न असतो की पूर्वी किती होतं. इथं या बाईंनी मला वाचवलं. शिक्षिका, सगळे कागद जपून ठेवलेले, दुसऱ्या दिवशी जुनी फाईल घेऊन आल्या आणि तिच्यात कॅप बसवली त्या दिवशीचा छोटा एक्सरे होता, शिवाय इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर, त्यावर कंपनी, जाडी आणि लांबी १० मिमी. हे स्टिकर बहुतेक लोकांकडे नसतं, आणि ते मागितल्याशिवाय दिलंही जात नाही. ज्यांनी इम्प्लांट केलंय त्यांनी आजच मागून घ्या, स्क्रू सोडवायचा पाना कंपनीगणिक वेगळा असू शकतो आणि दहा वर्षांनी तो क्लिनिक तिथं असेलच असं नाही.

नवा एक्सरे काढला, होल्डर लावून, फिल्म इम्प्लांटला समांतर ठेवून. चांगला आलाय का ते ओळखायची खूण सोपी आहे, इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंनी स्पष्ट वेगवेगळे दिसले पाहिजेत, एका बाजूने पुसट झाले तर कोन चुकला आणि हाडाची पातळी खोटी दिसणार. ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचा मोठा एक्सरे या कामाला चालत नाही, त्यात बारीक फरक कळत नाहीत.

स्क्रीनवर इम्प्लांटची लांबी भरली ११.२ मिमी, खरी १० मिमी, म्हणजे चित्र थोडं मोठं आलंय. मागच्या बाजूला इम्प्लांटच्या माथ्यापासून हाडापर्यंत स्क्रीनवर ४.७ मिमी. मग ४.७ ला १० ने गुणून ११.२ ने भागलं, खरं अंतर आलं ४.२ मिमी. पुढच्या बाजूला तसंच करून ३.१. जुन्या एक्सरेत दोन्हीकडे अर्धा मिमीच्या आसपास. पहिल्या वर्षात हाड थोडं बसतं, २ मिमीच्या आत असेल तर तो आजार नाही, शरीर जागा जुळवून घेतं. पण इथं ते सगळं धरूनही मागच्या बाजूला जवळपास पावणेचार मिमी गेलेलं, आणि आकार खळग्याचा, इम्प्लांटला लागून खोल आणि बाहेर उंच कड. पेरी-इम्प्लांटायटिसचं हाड असंच जातं, इम्प्लांटभोवती वाटी कोरल्यासारखं.

जुनी फाईल नसती तर? त्यासाठी हिरडीच्या आणि इम्प्लांटच्या आजारांवरच्या २०१७ च्या जागतिक वर्कशॉपने ठरवलेला नियम आहे (छापून आला २०१८ मध्ये): प्रोबला रक्त किंवा पू, सोबत खोली ६ मिमी किंवा जास्त, आणि हाड इम्प्लांटच्या हाडात असायला हव्या त्या भागाच्या माथ्यापासून ३ मिमी किंवा जास्त खाली, हे तिन्ही असेल तर पेरी-इम्प्लांटायटिस समजा. या बाई त्यातही बसत होत्या. पण हा नियम मला तितकासा आवडत नाही, म्हणजे नियम बरोबर आहे पण तो लागू होईपर्यंत ३ मिमी गेलेलं असतं. जुना एक्सरे असेल तर पहिल्या वर्षानंतर एक दीड मिमी गेलं तरी पकडता येतं.

एक मर्यादा सांगून ठेवतो, छोट्या एक्सरेत फक्त पुढची आणि मागची बाजू दिसते. गालाच्या आणि जिभेच्या बाजूचं हाड इम्प्लांटच्याच सावलीमागे लपतं. म्हणून एक्सरे चांगला आणि प्रोब वाईट असं निघालं तर मी प्रोबवर विश्वास ठेवतो.

आता त्या विचारत होत्या ते, "हलत नाही, दुखत नाही, मग एवढं हाड कसं जाईल?" हलत नाही कारण खालचे सहा मिमी अजूनही हाडात घट्ट जुळलेले आहेत. खऱ्या दाताचं हाड गेलं की दात हळूहळू हलायला लागतो, कारण दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची लवचिक गादी असते. इम्प्लांटला ही गादी नाही, ते हाडाला थेट चिकटलेलं, त्यामुळे थोडंसं हाड उरलं तरी दगडासारखं घट्ट, आणि ज्या दिवशी इम्प्लांट स्वतः हललं त्या दिवशी सगळा जोड सुटलेला असतो, मग ते काढण्याशिवाय इलाज नाही. (कॅप हलली तर आधी घाबरू नका, बऱ्याचदा आतला स्क्रू ढिला झालेला असतो, पण तोही लगेच दाखवा, ढिल्या जोडाच्या फटीत घाण साठते.) आणि दुखत नाही म्हणाल तर पायरिया तरी कुठं दुखतो. शिवाय दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे शिरलेले असतात, इम्प्लांटभोवती ते बहुतेक उभे, समांतर जातात, रक्तपुरवठाही कमी, त्यामुळे सूज एकदा आत उतरली की तिला अडवायला फारसं काही नसतं. ती एका संथ गतीने पण जात नाही, वेग वाढत जातो. पहिल्या काही वर्षांतच सुरुवात होऊन बसते आणि कळतं मात्र सातव्या आठव्या वर्षी.

कारण शोधायचं तर कॅप काढावी लागणार होती. सिमेंटची कॅप ओढून काढत बसलो तर इम्प्लांटवर उगाच जोर येतो, म्हणून एक्सरे बघून स्क्रूची जागा ठरवली, चावायच्या बाजूने कॅपला भोक पाडलं आणि कॅप आणि आतला खांब म्हणजे अबटमेंट एकत्रच स्क्रू सोडून बाहेर काढले. हातात घेतल्यावर दोन गोष्टी लगेच दिसल्या.

एक, अबटमेंटच्या मागच्या जिभेकडच्या बाजूला, बरोबर त्या ८ मिमीच्या जागी, जुन्या सिमेंटचा कडक थर, तांदळाच्या दाण्याएवढा, वर काळपट दगड जमलेला. कॅप चिकटवताना जादा सिमेंट हिरडीखाली ढकललं जातं, कड जितकी खोल तितकं ते काढणं अवघड, आणि तो खरखरीत थर म्हणजे जंतूंना कायमचं घर. म्हणून मी स्वतः शक्य तिथं स्क्रूने बसणारीच कॅप करतो, आणि सिमेंट लागलंच तर कड हिरडीच्या पातळीला, ब्रश पोचेल अशी ठेवतो.

दोन, कॅपचा आकार. दाढ रुंद, इम्प्लांट बारीक, म्हणून कॅप खालून एकदम फुगवलेली, हिरडीवर छत्रीसारखी टेकलेली. कॅप बसलेली असतानाच शेजारच्या दाताकडच्या फटीत इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटी साफ करायचा बारीक ब्रश, घालून बघितला होता, सगळ्यात बारीक सुद्धा आत गेला नव्हता. इम्प्लांटमधून कॅप वर येताना जो कोन करते तो ३० अंशापेक्षा जास्त आणि वर फुगीर असला की या आजाराशी संबंध दिसतो असं एक्सरेंच्या अभ्यासांत आलंय. म्हणजे बाई दोन वेळा ब्रश करत होत्या, अगदी प्रामाणिकपणे, पण घाण जिथं बसत होती तिथं पोचायला रस्ताच ठेवलेला नव्हता. अशा पेशंटला "तुम्ही नीट घासत नाही" म्हणणं अन्याय आहे.

याशिवाय त्यांच्या बाजूनेही काही होतं. मूळ दाढ कीड लागून नाही तर पायरियाने हलून गेलेली, पुढच्या दातांभोवतीही हिरडी सुटून ५ मिमी खोल खिसे. पायरियाचा इतिहास हा इम्प्लांटसाठी सगळ्यात भक्कम धोका, तेच जंतू, तेच शरीर. २०१७ नंतर एकदाही क्लीनिंग नाही. शुगरची तीन महिन्यांची सरासरी ८.२. लहानपणापासून मिश्री लावायची सवय होती ती नोकरी लागल्यावर सुटली म्हणाल्या, ते बरं झालं, तंबाखू शेवटी तंबाखूच.

उपचार सरळ ऑपरेशनने सुरू करत नाहीत. आधी कॅप बाहेरच ठेवली, इम्प्लांटवर छोटी झाकणी बसवली, म्हणजे त्यांना स्वतःला तिथं ब्रश नेता येईल. सुन्न करून टायटॅनियमच्या क्युरेटने म्हणजे खरवडायच्या हत्याराने आणि प्लास्टिकसारख्या टोकाच्या अल्ट्रासॉनिकने आतलं सिमेंट आणि दगड काढला, मग बारीक पावडरचा फवारा. साधं स्टीलचं टोक वापरलं तर पृष्ठभाग ओरबाडतो. त्याच वेळी बाकी सगळ्या दातांचं पायरियाचं काम केलं, तोंडात दुसरीकडे आजार ठेवून एक इम्प्लांट वाचवता येत नाही. फिजिशियनकडे शुगरसाठी पाठवलं.

अँटिबायोटिक दिलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो पू आहे ना, मग गोळ्या नकोत?" पू दिसला की गोळ्यांचा कोर्स हे आपल्याकडे इतकं मुरलंय, मेडिकलवाला पण न विचारता देतो. चार दिवस पू थांबतो, पेशंटला वाटतं बरं झालं, सिमेंट आणि दगड तिथंच असतात आणि दोन महिन्यांनी परत तेच, मधल्या काळात आणखी हाड गेलं. युरोपमधल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही या टप्प्यावर गोळ्या नेहमी म्हणून देऊ नका असंच म्हटलंय.

आठ आठवड्यांनी परत मोजलं (सहा ते बारा आठवडे थांबायचं असतं, आधी मोजण्यात अर्थ नाही). पू बंद. गालाच्या बाजूला सगळं ४ च्या आत, जिभेच्या बाजूला ४, ५ आणि मागे अजून ७, तिथं रक्त. ध्येय काय असतं तर खोली ५ किंवा कमी, पू नाही, आणि रक्त फार तर एका जागी. ते गाठलं नव्हतं, म्हणून ऑपरेशन. शुगर तोवर ७.१ वर आलेली.

हिरडी उघडल्यावर खळगा स्वच्छ दिसला, सुमारे ३ मिमी खोल, तिन्ही बाजूंनी हाडाच्या भिंती. आतलं लाल मऊ मांस काढलं, उघडे पडलेले आटे टायटॅनियमच्या छोट्या ब्रशने आणि सलाईनने साफ केले. भिंती होत्या म्हणून हाडाची पावडर भरली, ती तिथं टिकते. खळग्याऐवजी हाड सगळीकडून सपाट खाली गेलेलं असतं तर पावडर ठरली नसती, मग हिरडी खाली घेऊन आटे साफ करता येतील असे उघडे ठेवतात, दिसायला वाईट पण साफ होतं. टाके घातले, दोन आठवडे क्लोरहेक्सिडिनची चूळ, तेवढेच दिवस, जास्त वापरलं की दात पिवळे-काळपट होतात. हिरडी साधारण मिलीमीटरभर खाली बसणार आणि थोडी धातूची कड दिसेल हे आधीच सांगून ठेवलेलं.

काही महिन्यांनी नवी कॅप, या वेळी स्क्रूची, खालून निमुळती, दोन्ही बाजूंना ब्रश जाईल एवढी जागा ठेवून. लॅबला तसं ठासून लिहावं लागतं, नाहीतर ते सवयीने फट भरून गोंडस दाढ करून पाठवतात. पेशंटला मात्र हे पटवावं लागतं की फट मुद्दाम आहे. त्या म्हणाल्याच, "जेवण अडकतंय." अडकेल, ब्रशने निघेल, बंद फटीत अडकलेलं निघत नाही.

घरी काय करायला शिकवलं ते सविस्तर सांगतो कारण इम्प्लांट वर्षानुवर्षं टिकणं यावरच आहे. रात्री नेहमीच्या ब्रशनंतर इंटरडेंटल ब्रश, तार प्लास्टिकने मढवलेली, मापाचा, म्हणजे जाताना किंचित घासत जाईल पण ढकलावा लागणार नाही. गालाकडून आत आणि मग जिभेकडूनही बाहेर, कारण यांचा सगळा आजार जिभेच्या बाजूला होता आणि तिकडे आरशात दिसत नाही. जिभेच्या बाजूला एका झुपक्याचा छोटा ब्रश हिरडीच्या कडेने फिरवायचा. फ्लॉस मी यांना दिला नाही. निरोगी इम्प्लांटला चालतो, पण आटे उघडे पडलेत तिथं फ्लॉसचे धागे खरखरीत जागी अडकून तुटतात आणि तेच नवं कारण होऊन बसतं. पाण्याचा जेट आवडत असेल तर जोडीला वापरा, ब्रशच्या ऐवजी नाही.

आणि दर तीन महिन्यांनी माझ्याकडे. त्या भेटीत सहा जागी प्रोब, हलकं क्लीनिंग, दुखतंय का हे मी विचारतच नाही. ज्यांना पायरिया कधीच झाला नाही आणि हिरडी छान आहे त्यांना सहा महिने, फार तर वर्ष. एक्सरे कॅप बसवल्या दिवशी, मग एका वर्षाने, पुढे प्रोबमध्ये फरक पडला तर लगेच.

घरच्या घरी बघायचं ते त्यांना मी असं सांगितलं: ब्रशला त्याच जागी पुन्हा पुन्हा रक्त, दाबल्यावर खारट चव किंवा वास, हिरडीचा रंग शेजारच्यापेक्षा गडद, कॅप आधीपेक्षा लांब दिसणं किंवा धातू दिसणं. शेजारच्या दातात आणि इम्प्लांटमध्ये नवी फट पडून तिथं जेवण अडकायला लागलं तर तेही दाखवा, खरे दात वर्षांनुवर्षं किंचित सरकत राहतात आणि इम्प्लांट जागचं हलत नाही, म्हणून तिथं संपर्क सुटतो. यातलं काहीही आठवडाभर टिकलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

वर्ष झाल्यावरचे आकडे: गालाकडे ३, ३, ४, जिभेकडे ४, ४, ५, रक्त एकाच जागी ठिपका, पू नाही. एक्सरेत खळगा बराच भरलेला दिसतो, पण यावर मी फार खूष होत नाही, कारण भरलेली पावडर स्वतःच पांढरी दिसते, ती इम्प्लांटला खरंच जुळलीय की नुसती शेजारी बसलीय हे एक्सरे सांगत नाही. पुढच्या वर्षी त्याच होल्डरने त्याच कोनात परत काढायचा, आटे मोजायचे. हाडाची रेघ त्याच आट्यावर असली तर तीन महिन्यांची भेट चालू ठेवायची, खाली सरकली आणि खोली ६ च्या वर रक्तासकट गेली तर परत उघडून बघावं लागेल, आणि तेव्हा उरलेलं हाड किती यावर ठेवायचं की काढायचं हे ठरेल. मॅडमना हे तोंडावर सांगितलंय. वरची उजवी दाढ पुढे काढावी लागली तर तिथं इम्प्लांट करू का, असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं आधी या खालच्याची दोन वर्षं बघू, मग बोलू.